फॅमिली ग्रुपवरचं फॉरवर्ड खोटं आहे हे नुसत्या भाषेवरून ओळखता येते का?

मंग्या_महालवाला

मंडळी, एक प्रॉब्लेम आहे. मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर (64 मेंबर, त्यातले 40 फक्त गुड मॉर्निंगवाले) मोठ्या बाबांनी मेसेज टाकला की नारळाच्या गरम पाण्याने कॅन्सरच्या पेशी मरतात. खाली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांचं नाव. मी म्हटलं मोठे बाबा हे खोटं वाटून राहिलं, तर ते म्हणे तुले काय कळते बे, तू डॉक्टर आहे का? आता मी इतवारीत कापडाच्या दुकानात हिशोब पाहतो, काय बोलणार.

मेसेज थोडक्यात असा: खोबऱ्याचे दोनतीन पातळ काप कपात टाका, वरून गरम पाणी ओता, त्याचं अल्कलाइन पाणी होतं, रोज प्या, गाठी आणि ट्यूमर जातात, हे फक्त घातक पेशी मारतं, चांगल्या पेशींना काही होत नाही, बीपी पण ठीक होतं. शेवटी, हे वार्तापत्र मिळालेल्या प्रत्येकाने दहा प्रती पुढे पाठवल्या तर एक तरी जीव नक्की वाचेल. मी माझं काम केलं, आता तुम्ही तुमचं करा.

विचारायचं एवढंच की माझ्यासारख्या माणसाला, डॉक्टरकी न येता, नुसतं वाचून कळू शकते का? पैशाचे मेसेज पण येतात, ते आणखी वेगळे.

तर्री_जास्त

दहा जणांना नाही पाठवलं तर काय होते ते नव्हतं का लिहिलं? आमच्या लहानपणी देवाच्या नावाने पोस्टकार्ड यायचं, अकरा कार्डं लिहा नाहीतर नुकसान. आमच्या आजीने शाईची दौत संपवली होती. त्या मानाने आताचे लोक प्रेमळ झाले म्हणायचे.

निळी_टिक

सोपं आहे भाऊ, एवढा विचार काहून करता. मेसेजवर दोन बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं दिसलं की तो खोटा. व्हॉट्सॲपने त्याच्यासाठीच तर दिलं आहे ते. दोन बाण नसले तर खरा.

मंग्या_महालवाला

@निळी_टिक दोन बाण नव्हते न भाऊ. एक पण नव्हता. मोठे बाबा फॉरवर्ड करत नाहीत, कॉपी करून स्वतःच्या नावाने पेस्ट करतात, वरून 'नमस्कार, सर्वांनी वाचावे' लिहितात.

जुना_उपसंपादक

निळी टिक यांचं अर्धं बरोबर आहे. ते दोन बाण मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरून आला एवढंच सांगतात, खरा की खोटा ते नाही. आणि असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, ते 2020 च्या एप्रिलपासून आहे. पण कॉपी-पेस्ट केलं की बाण गळतात, म्हणजे जो माणूस आपुलकीने पाठवतो त्याच्याच मेसेजवर खूण राहत नाही.

मी बावीस वर्षं पेपरच्या डेस्कवर होतो, प्रेसनोटा कापणं हेच काम. मंगेशभाऊ (की जे काही नाव असेल ते), तुमच्या मेसेजमधला एक शब्द पाहा. 'वार्तापत्र'. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजला कोण वार्तापत्र म्हणतं? आणि 'दहा प्रती'? प्रती कागदाच्या असतात किंवा ईमेलच्या. हे शब्द मराठीत असे सहज येत नाहीत, ते कुठूनतरी ओढत आणलेले आहेत.

हा मेसेज पूर्वी इंग्रजीत ईमेलवर फिरायचा आणि त्यात नारळ नव्हता, लिंबू होतं. लिंबाचे काप कपात टाका, गरम पाणी ओता, अल्कलाइन होतं. हॉस्पिटल बीजिंगचं लष्करी, डॉक्टरचं नाव चिनी. आणि शेवट हाच, की हे न्यूजलेटर मिळालेल्याने दहा प्रती पाठवल्या तर एक जीव वाचेल. नंतर कोणीतरी लिंबू काढून नारळ घातला, बीजिंग काढून टाटा मेमोरियल घातलं, डॉ. राजेंद्र बडवे यांचं नाव लावलं, ते तेव्हा टाटा मेमोरियल सेंटरचे प्रमुख होते. 2019 मध्ये टाटा मेमोरियलला स्वतः खुलासा काढावा लागला की हे आमच्या डॉक्टरांनी म्हटलेलं नाही. अननसाचंही एक व्हर्जन फिरतं.

फळ बदललं, हॉस्पिटल बदललं, देश बदलला, काय नाही बदललं? 'दहा प्रती पाठवा'. म्हणजे ह्या मेसेजचा खरा मजकूर तोच आहे, बाकी सगळं त्याच्यावर चढवलेलं आहे. म्हणून मी आधी शेवटची ओळ वाचतो.

बर्डीवाली

माझ्या पण फोनमध्ये ग्रुपवरचे फोटो भरून भरून जागा संपली आहे, ते आपोआप डाउनलोड होणं बंद कुठून करायचं? कोणी सांगेल का?

तर्री_जास्त

ताई तुम्ही चुकीच्या गाडीत बसल्या.

औषधवाली

मी फार्मसिस्ट आहे, मेडिकल स्टोअर चालवते, रोज काउंटरवर असे मेसेज दाखवणारे येतात. भाषेचं काकांनी सांगितलं तर मी 'अल्कलाइन' ह्या एका शब्दावर बोलते.

लिंबू चवीला आंबट, म्हणजे आम्ल, हे शाळेतलं पोरगं सांगेल. शहाळ्याचं पाणी पण किंचित आम्लाकडेच झुकलेलं असतं. तरी दोन्ही मेसेजमध्ये पाणी 'अल्कलाइन' होतं. आणि समजा झालं, तरी ते आधी पोटात जाणार, तिथे ॲसिड बसलेलंच आहे. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 च्या मध्ये फुफ्फुसं आणि किडन्या मिळून धरून ठेवतात, तुम्ही काहीही प्यालात तरी तो नारळाच्या कापाने हलत नाही. हलला तर माणूस आयसीयूत असतो.

दुसरं म्हणजे मेसेजमध्ये काय नाही ते बघा. कोणता कॅन्सर? रक्ताचा की तोंडाचा की स्तनाचा? कोणत्या स्टेजचा? किती दिवस प्यायचं, कोणी पिऊ नये? खऱ्या औषधाच्या खोक्यातली ती घडीची चिठ्ठी उघडली तर अर्ध्याहून जास्त मजकूर हे कोणी घेऊ नये आणि काय त्रास होऊ शकतो याचाच असतो. 'फक्त वाईट पेशी मारतं, चांगल्यांना हात लावत नाही' हे वाक्य केमो देणारा डॉक्टर छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही, आणि इथे खोबऱ्याचा काप म्हणून राहिला.

एक विचारते, मोठ्या बाबांना शुगर-बीपी, किडनीचं काही आहे का?

मंग्या_महालवाला

@औषधवाली ताई, क्रिएटिनिन वाढलेलं आहे, बीपीची गोळी चालू आहे. वय 78. आणि ते काप-बिप सोडून आता रोज दोन शहाळीच गरम करून पिऊन राहिले, म्हणे 'कापापेक्षा आख्खं चांगलं'.

औषधवाली

मग ही गंमत राहिली नाही भाऊ. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी नीट असेल तर ते लघवीतून निघून जातं, किडनी कमजोर असेल तर रक्तात साठतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यावर होतो. बीपीच्या काही गोळ्यांनी पण पोटॅशियम वाढतं. त्यांच्या डॉक्टरला फोन करून दोन शहाळी रोज चालतात का हे विचारा आणि शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे ते बघा. गोळी स्वतःहून बंद-बिंद करू नका मात्र.

गोकुळपेठ_किराणा

पैशाचं मी सांगतो. 2023 मध्ये तो तारावाला मेसेज आला होता, की 500 च्या नोटेवर नंबरमध्ये तारा असला तर नोट नकली. आमच्याकडे एक काकू तारावाली नोट घ्यायलाच तयार नाही. मी म्हटलं काकू ही आताच एटीएममधून आली, तर म्हणे ग्रुपवर आलं आहे, आरबीआयने सांगितलं. शेवटी शंभराच्या पाच दिल्या. रांगेतल्या बाकीच्यांनी पण नोटा उलट्यापालट्या करून पाहणं सुरू केलं, धंद्याची वाट.

नंतर त्याच जुलैत आरबीआयने खुलासा काढला. शंभर नोटांच्या गड्डीत एखादी छापताना खराब निघाली तर तिच्या जागी तारावाली टाकतात, बस. ती इतर नोटांसारखीच चालते. म्हणजे आरबीआयच्या नावाने आलेलं बरोबर उलटं होतं.

निळी_टिक

मग माझं दुसरं ऐका. ज्या मेसेजमध्ये शुद्धलेखन चुकलेलं असते तो खोटा. मोठ्या संस्था चुका करत नाहीत.

तर्री_जास्त

भाऊ तुम्ही सरकारी पाट्या वाचत नाही का कधी?

जुना_उपसंपादक

हाहा. चुकांवर नका जाऊ, मी मोठमोठ्या कचेऱ्यांच्या प्रेसनोटा सुधारून सुधारून म्हातारा झालो. आणि काही खोटे मेसेज इतक्या सुबक मराठीत असतात की माझ्या हाताखाली हवा होता हा लेखक असं वाटतं.

चुकीपेक्षा तारीख बघा. ताऱ्याच्या मेसेजमध्ये 'आरबीआयने जाहीर केलं आहे' असं होतं, कधी ते नाही. 'आजपासून', 'कालच', 'नुकतंच', असले शब्द मुद्दाम असतात असं नाही, पण असल्याच मेसेजला आयुष्य मिळतं कारण 'आज' कधी शिळा होत नाही. तारीख घातलेला मेसेज दोन महिन्यांत आपोआप मरतो. हे असं गाळून गाळून जे उरतं ते आपल्या ग्रुपवर येतं.

याच्याशेजारी आपला ओसीडब्ल्यूचा पाण्याच्या शटडाऊनचा मेसेज ठेवा. अमुक तारीख, सकाळी इतक्यापासून किती तास, अमुक टाकी, कोणत्या वस्त्या. वाचायला कंटाळा येतो इतकं बारीक. आणि 'सर्वांना पाठवा' म्हणून कुठे गळ नसते, असली तरी एखादी ओळ. खरी सूचना कंटाळवाणी असते कारण ती ठरावीक लोकांसाठी ठरावीक दिवसाची असते.

सावजी_स्पेशल

मला हे सगळं पटत नाही. माझ्या साळ्याच्या बायकोला मागच्या वर्षी रात्री ओ निगेटिव्ह रक्त लागलं होतं, आम्ही जो मेसेज टाकला तो तुमच्या हिशोबाने शंभर टक्के खोटा ठरला असता. तारीख नाही, 'आत्ता ताबडतोब', 'जास्तीत जास्त पुढे पाठवा', चार उद्गारचिन्हं. घाबरलेला माणूस असाच लिहितो. आणि दोन लोक आले बरं का त्याच्यावर, एक हिंगण्याहून आला. भाषा पाहून फेकून दिला असता तर?

जुना_उपसंपादक

@सावजी_स्पेशल हे बरोबर आहे, याचं माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. भाषेवरून फक्त संशय घेता येतो, निकाल देता येत नाही. एवढंच म्हणेन की तुमच्या मेसेजमध्ये फोन नंबर होता आणि तो लावला तर तुम्ही उचलला असता. ह्या नारळवाल्यात लावायला कोणाचाच नंबर नाही.

सावजी_स्पेशल

हो पण तो मेसेज अजून फिरून राहिला. परवा पुण्याहून एकाने फोन केला, रक्त द्यायला तयार. वहिनी कधीच्या घरी आल्या. आता त्याला काय म्हणायचं, खरा की खोटा?

तर्री_जास्त

पुण्याहून रक्त द्यायला नागपूरला? खोटाच.

पगारवाली

गोकुळपेठवाल्यांचा तारा तरी फुकटचा होता, आमच्या आत्याबाईंचे पैसे गेले असते. मेसेज होता की महिलांना सरकारी योजनेचे पैसे मिळून राहिले, लिंक उघडा, नाव भरा, मग हिरवी पट्टी यायची की ही माहिती दहा ग्रुपला पाठवा, पट्टी भरली की पैसे जमा. आत्याबाईंनी सात ग्रुपला पाठवलं, आठवा आमचा होता म्हणून कळलं. पुढच्या पानावर कार्डाचा नंबर मागत होते. लिंकमध्ये gov.in दिसत होतं हो, म्हणून त्या फसल्या, पण त्याच्यानंतर परत टिंब आणि दुसरंच लांबलचक नाव होतं. नीट पाहिलं तर सुरुवातीचं https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेषेच्या लगेच आधी जे असते तेच साइटचं खरं नाव, gov.in तिथे पाहिजे.

माझं म्हणणं असं की सरकार पैसे देताना आधार मागेल, सातबारा मागेल, दहा चकरा मारायला लावेल, पण 'दहा ग्रुपला पाठव' अशी अट कधीच घालणार नाही. इथे पण काकांचीच शेवटची ओळ आली बघा.

मंग्या_महालवाला

काकांचं वाचून मी काल एक प्रयोग केला. मोठ्या बाबांचा मेसेज घेतला, नारळ काढून संत्रं टाकलं, टाटा काढून 'नागपूरचे मोठे डॉक्टर' टाकलं, बाकी अक्षर न अक्षर तसंच. वाचून पाहिलं तर कुठेच खटकत नाही! संत्र्याच्या सालीचे दोन काप कपात टाका, गरम पाणी, अल्कलाइन, सगळं तंतोतंत बसते. मग कांदा टाकून पाहिला, तोही बसला. म्हणजे त्या मेसेजमध्ये नारळाबद्दल काहीच नाही न! खरी माहिती असती तर नारळ काढल्यावर वाक्य पडलं असतं.

गंमत म्हणून चुलत भावांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं की ही मस्करी आहे.

औषधवाली

अहो नका टाकू! परत घ्या तो आधी. लांब मेसेज ग्रुपवर अर्धाच दिसतो, 'पुढे वाचा' दाबल्याशिवाय तुमची मस्करीची ओळ कोणाला दिसणार नाही.

जुना_उपसंपादक

ताईंशी सहमत. पण 'फळ बदलून पाहा' ही कसोटी छान आहे, डेस्कवर असतो तर वापरली असती. तारावाल्या नोटेला मात्र ती लागू होत नाही, तिथे तारा काढला की मेसेजच उरत नाही. प्रत्येक कुलपाला तीच किल्ली नाही.

बरं, मोठे बाबा नोकरीत काय होते?

मंग्या_महालवाला

सिव्हिल लाइन्सला सरकारी ऑफिसात, हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. 34 वर्षं आवक-जावक, टपाल, फाइली.

जुना_उपसंपादक

मग तुम्ही उगाच डॉक्टरकी झाडून राहिले. 'खोटं आहे' म्हणूच नका. त्यांना विचारा की ह्या पत्राचा जावक क्रमांक आणि दिनांक काय. ग्रुपवर नाही, घरी जाऊन, चहाच्या वेळी.

निळी_टिक

सुट्टा मेसेज आहे काका, त्याला जावक क्रमांक कसा असेल?

तर्री_जास्त

तेच तर.

मंग्या_महालवाला

अपडेट. संत्र्याचा मेसेज मी सकाळीच डिलीट केला होता, पण संध्याकाळी वरुडच्या मावशीने मलाच पाठवला. मस्करीची ओळ गायब. वर कोणीतरी 'आपल्या विदर्भाचा अभिमान' असं जोडलं आहे. वरुड म्हणजे संत्र्याचं गाव, तिथे तर सोन्याहून पिवळं. मावशीला फोन करून सांगितलं की हा मीच लिहिला, तर म्हणे तू काहून लिहिशील, हा तर डॉक्टरांचा आहे. ताई तुमचं ऐकायला पाहिजे होतं.

आणि मोठ्या बाबांकडे जाऊन आलो. चहा झाल्यावर म्हटलं, मोठे बाबा तो टाटाचा मेसेज मला दुकानात लावायचा आहे, जावक क्रमांक आणि तारीख सांगा बरं. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल हातभर लांब धरून वरून खाली वाचला, परत वाचला. मग म्हणाले, "सही पण नाही रे यावर. असा कागद मी टेबलावर पण ठेवू दिला नसता." आणि मोबाईल उलटा ठेवून दिला.

मला वाटलं जिंकलो. निघताना मोठी आई हळूच म्हणाली की शहाळं चालूच आहे, मोठे बाबा म्हणतात मेसेज राहू दे, चव चांगली लागते.

औषधवाली

रिपोर्ट कधीचा आहे पाहिलं का?

मंग्या_महालवाला

सात महिन्यांपूर्वीचा. सोमवारी नेतो. शहाळंवाल्याला सांगून ठेवलं आहे तोवर देऊ नको म्हणून, पण तो म्हणे बाबूजींनी महिन्याचे आधीच देऊन ठेवले.